काळी स्क्रीन, जुनं कार्ड आणि सिक्युअर बूट : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "सिक्युअर बूट लावल्यावर स्क्रीन काळी पडली की तुम्ही सरळ जुन्या ग्राफिक्स कार्डाला दोष देता, हे पटलं नाही. माझं जीटीएक्स ६७० विंडोजमध्ये छान चालतं, ड्रायव्हरही सही असलेला आहे. हा मदरबोर्डचाच बग आहे."

उत्तर : सिक्युअर बूट म्हणजे पीसी सुरू होताना ओळखीची डिजिटल सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय. ड्रायव्हरला सही आहे हे खरंच, पण तो फार उशिरा कामाला लागतो. पीसी चालू केल्यावर लोगो किंवा बायोसचा मेनू दिसतो, तेव्हा विंडोज सुरूही झालेलं नसतं. ते चित्र दाखवणारा छोटा प्रोग्रॅम कार्डावरच्याच चिपमध्ये असतो. तोच ऑप्शन रॉम. मदरबोर्ड सही तपासतो ती याची, आणि ती नसली तर तो प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून कार्ड धडधाकट असूनही स्क्रीन काळी. कधी कधी लॉगिनच्या वेळी चित्र अचानक येतं, कारण तोवर विंडोजच्या ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलेलं असतं.

ही तपासणी उगाच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी थंडरबोल्टला जोडलेल्या अ‍ॅडॅप्टरच्या ऑप्शन रॉममधून मॅकबुकचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, बदलून दाखवलं होतं.

तुमचं कार्ड २०१२ च्या पिढीतलं. त्यातल्या बऱ्याच कार्डांच्या रॉममध्ये फक्त जुन्या बायोसपुरता भाग होता, त्याची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयचा नव्हताच. तो जुना भाग सीएसएममुळे, म्हणजे नव्या बोर्डांत जुन्या बायोससाठी ठेवलेल्या सोयीमुळे चालतो, आणि सिक्युअर बूटसाठी सीएसएम बंद करावं लागतं. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते असं ओळखा : सीएसएम बंदच ठेवून फक्त सिक्युअर बूट बंद करा. चित्र आलं, तर यूईएफआयचा भाग आहे पण त्याची सही चालत नाही. तरीही काळीच राहिली, तर तो भागच नाही. विंडोजमध्ये GPU-Z हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडलात तर `UEFI` च्या चौकटीत टिक आहे का तेही दिसेल.

पण आधी मेनूपर्यंत पोचायला हवं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल (इंटेलच्या नावाशेवटी F नसेल) तर कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. नसेल, तर वीज पूर्ण तोडून मॅन्युअलप्रमाणे सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. ज्या बोर्डांत सिक्युअर बूट मुळातच चालू असतं, तिथे मात्र याचा उपयोग नाही. मग कुणाचं तरी नवं कार्ड घटकाभर मागून आणावं लागतं. आणि हो, डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर या बदलांनंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच हाताशी ठेवा.

त्या पिढीच्या काही कार्डांसाठी कंपन्यांनी नंतर यूईएफआयवाला रॉम दिला होता. तो नेमका तुमच्याच मॉडेलचा मिळाला, तरच फ्लॅश करा, म्हणजे कार्डाच्या चिपमध्ये टाका, आणि आधी GPU-Z ने जुना रॉम सेव्ह करून ठेवा. भलत्या मॉडेलचा रॉम टाकलात तर चालतं कार्ड हातचं जाईल. काही बोर्डांत सही नसलेले रॉमही चालवायची सोय असते, पण मग सिक्युअर बूट लावण्यात अर्थ काय? रॉम मिळालाच नाही तर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टवरच ठेवा, किंवा सिक्युअर बूट बंद ठेवा. विंडोज ११ च्या अटीत पीसीला सिक्युअर बूट 'जमतं' एवढंच लागतं, ते चालू असायलाच हवं असं नाही.