बाराशे रुपये कशाचे घेतले, त्याचा खुलासा

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): «साधं ॲप टाकायचं होतं. मॅकवर ॲप ओढून ॲप्लिकेशन्समध्ये टाकलं की झालं, काढायचं तर ट्रॅशमध्ये. एवढं मलाही येतं. यांनी लॅपटॉप दोन तास ठेवून घेतला, पासवर्ड मागितला आणि वर १,२०० रुपये घेतले. सरळ लुबाडणूक.»

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार मॅडम. तुम्हाला ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. तुमचा सात वाजताचा गाण्याचा ऑनलाइन क्लास त्या दिवशी बुडाला, याचं आम्हालाही वाईट वाटलं.

पण «लुबाडणूक» हा शब्द आमच्या दुकानाच्या नावाखाली कायमचा राहणार आहे. नवीन गिऱ्हाईक आधी तोच वाचणार. म्हणून बिलाचं सविस्तर सांगतो.

तुम्ही आणलेलं नवीन रेकॉर्डिंग ॲप टाकायचे आम्ही एक रुपयाही घेतलेला नाही. बिल परत बघा, त्यात ते नाहीच. ती डीएमजी फाइल होती. उघडली की पांढऱ्या खिडकीत एका बाजूला ॲप, दुसऱ्या बाजूला ॲप्लिकेशन्स फोल्डर, मध्ये बाण. तुम्ही ते ओढलंच नव्हतं, त्या खिडकीतूनच चालवत होतात. म्हणून मॅक बंद करून चालू केला की डॉकमध्ये प्रश्नचिन्ह यायचं. आम्ही ते फोल्डरमध्ये ओढलं आणि डीएमजी इजेक्ट केली. मिनिटभराचं काम, त्याचे पैसे कसले घ्यायचे?

अशा ॲपबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते दिसायला एक आयकॉन, पण खरं म्हणजे एक फोल्डर असतो. उजवं क्लिक करून Show Package Contents केलंत तर आतलं सगळं सामान दिसेल. ट्रॅशमध्ये टाकलं की ते सगळं जातं. मागे तुमच्या लायब्ररी फोल्डरमध्ये सेटिंग्जच्या थोड्या फाइली राहतात, पण त्या नुसत्या पडून असतात, आपण होऊन काही चालवत नाहीत.

१,२०० रुपये घेतले ते आवाजाच्या जुन्या ॲपचे, जे तुम्ही घरी ट्रॅशमध्ये टाकून आला होतात. ते ओढून टाकलेलं नव्हतं, पीकेजी इन्स्टॉलरने बसवलेलं होतं. Continue, Continue, Install आणि मग पासवर्ड, हे तुम्ही केव्हातरी केलं असणार. तो पासवर्ड दिला की इन्स्टॉलरला मॅकवर कुठेही सामान ठेवायची मुभा मिळते, आणि बनवणाऱ्याने आत स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल, ठेवली असेल तर तीही पूर्ण अधिकाराने चालते. घरात इन्व्हर्टर बसवताना भिंतीतून वायरी जातात, तसंच हे. पुढे इन्व्हर्टर भंगारात दिला म्हणून भिंतीतल्या वायरी निघत नाहीत.

यात त्या ॲपवाल्यांची लबाडी होती असंही मी म्हणणार नाही. अशा ॲपला एक खोटा स्पीकर तयार करावा लागतो. तो स्पीकर चालवणाऱ्या फाइलीला ड्रायव्हर म्हणतात, आणि मॅकची आवाजाची यंत्रणा तसला ड्रायव्हर एका ठरलेल्या जागीच शोधते, /Library/Audio/Plug-Ins/HAL मध्ये. नुसतं ॲप ओढून फाइल तिथे पोचत नाही, म्हणून बनवणारे बऱ्याचदा पीकेजी देतात.

तुमच्या मॅकवर झालं होतं ते असं. ॲप गेलं, ड्रायव्हर राहिला. साउंड सेटिंगमध्ये तो खोटा स्पीकर तसाच होता आणि आवाज त्यात जाऊन गडप होत होता. तुम्ही मॅकबुकचा स्पीकर निवडायचात, पण रीस्टार्ट झाला की परत तोच निवडलेला. कारण पीकेजीने लॉगिनच्या वेळी आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रामही ठेवला होता. लॉगिन आयटम्समध्ये Allow in the Background खाली त्याचं नाव दिसत होतं. तिथलं बटण बंद करून तो थांबला असता, पण ड्रायव्हर जागेवरच राहिला असता.

मॅकमध्ये पीकेजी काढून टाकायचं बटण नाही. काही कंपन्या वेगळा अनइन्स्टॉलर देतात, या ॲपचा आम्हाला मिळाला नाही. काय काय बसवलं याची पावती मात्र मॅक ठेवतो. आम्ही ती टर्मिनलमध्ये अशी काढली (शेवटचं नाव त्या त्या पॅकेजचं टाकायचं):

```
pkgutil --pkgs
pkgutil --files com.example.audio
```

आता दोन तास का लागले ते सांगतो, कारण तुमच्या मनाला लागलं ते हेच. त्या यादीत नुसत्या त्या ॲपच्या फाइली नसतात, वाटेतले फोल्डरही असतात. पहिली ओळच «Library» होती. यादी बघून एखाद्याने धडाधड सगळं उडवलं, तर मॅकवरच्या बाकीच्या सॉफ्टवेअरचं सामानही जाईल. म्हणून आधी टाइम मशीनने बॅकअप घेतला. तुमच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगमुळे डिस्क भरत आली होती, सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

शिवाय लॉगिनला चालणाऱ्या त्या प्रोग्रामची प्लिस्ट, म्हणजे तो केव्हा चालवायचा हे मॅकला सांगणारी फाइल, यादीत नव्हतीच. स्क्रिप्टने मागाहून तयार केलेली फाइल पावतीवर येत नाही. तुमच्या डाउनलोड्समध्ये मूळ पीकेजी सापडलं हे नशीब. ते pkgutil --expand ने उलगडून आतली postinstall स्क्रिप्ट वाचली, तेव्हा कळलं की ती प्लिस्ट /Library/LaunchAgents मध्ये लिहिलेली आहे. ती काढली, ड्रायव्हर काढला, रीस्टार्ट करून तुमच्यासमोर आवाज लावून दाखवला. पावती शेवटी पुसली. ती आधी पुसली की मॅक फक्त विसरतो, फाइली जिथल्या तिथेच राहतात आणि शोधायला आधार उरत नाही.

पासवर्डचं म्हणाल, तर आम्ही तो विचारलाच नाही. लॅपटॉप तुमच्याकडे वळवला, तुम्ही स्वतः टाइप केलात. /Library मधलं असं काही काढायचं तर मॅक तो मागणारच. ॲप्लिकेशन्समध्ये ओढताना मागत नाही, कारण तुमचं खातं ॲडमिनचं आहे आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची त्याला परवानगी असते.

आणि दर आधी सांगितला होता. काम सुरू करण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर १,२०० लिहून पाठवले, तुमचा अंगठा आला, मगच हात लावला. मेसेज अजून आहे. तो इथे टाकणार नाही, बरं दिसत नाही.

पुढे कधी पीकेजी उघडलंत, तर Install दाबण्याआधी वर File मेन्यूत Show Files बघा. कुठे काय जाणार ते दिसतं. स्क्रिप्ट काय करणार ते मात्र त्यात दिसत नाही. आणि पीकेजी फाइल जपून ठेवा.

बिलात प्रत्येक काम वेगळं लिहायचं आणि वेळेचा अंदाज आधी द्यायचा, असं आम्हीही बघतो आहोत. काढलेल्या फाइलींची यादी तुमच्या डेस्कटॉपवर ठेवली आहे. आवाजाचा परत त्रास झाला तर लॅपटॉप घेऊन या, तपासायचे पैसे घेणार नाही. फक्त सातच्या क्लासच्या दिवशी जरा सकाळी आलात तर बरं पडेल.