नुसता फोटो कायले पाठवता राजेहो?

मी सोनार माणूस, सकाळी मोबाईल उघडला की गिऱ्हाईकाच्या सोन्याच्या पोतीचा फोटो, खाली एक अक्षर नाही, अन् पाच मिनिटांनी "भाऊ, सांगा ना!" अरे काय सांगू?

किंमत पाहिजे? मंग वजन कोण सांगन, फोटो तराजूवर ठेवू का मी? अन् वजनबी नुसतं नाही, निव्वळ. समजा पोत २० ग्रॅम भरली, त्यात खडे अन् मण्यातली लाख ३ ग्रॅम, तर सोनं राह्यलं १७, अन् ९१६ चं, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध असलं, तर शुद्ध सोनं साडेपंधराच्या आसपास. हे फोटोत दिसते काय? लाख तर मण्याच्या पोटात असते बाप्पा!

हॉलमार्क वाचायचा म्हणता अन् फोटो काढता दारातून, गळ्यात घालून! शिक्का असते कडीजवळ, मुंगीएवढा. तिथला जवळून, तिरप्या उजेडात काढा. बीआयएसचं चिन्ह, ९१६ अन् दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख-नंबर, म्हणजे एचयूआयडी, दिसला पाहिजे, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहता येते. पण त्यानं वजन समजत नाही, हेबी रोजच सांगा!

अन् "अशीच डिझाईन बनवा" वाल्याले शिक्का काहून पाहिजे? त्यानं पुरी पोत पसरून, मागून-पुढून, बाजूले पट्टी ठेवून पाठवावी. तो पाठवते शिक्क्याचा फोटो, तोबी धूसर!