पंच्याऐंशी चाचण्या आणि तीन नळ्या

"पंच्याऐंशी चाचण्या, फक्त 1,499 रुपये, आणि सॅम्पल घ्यायला माणूस थेट तुमच्या घरी!" असं म्हणून व्हिडिओतली पांढऱ्या कोटातली मुलगी इतकी गोड हसली, की 3,999 रुपयांवर मारलेली लाल काट मला आशीर्वादासारखी वाटली. पंच्याऐंशी! इतक्या ठिकाणी आपण बिघडू शकतो हेच मला माहीत नव्हतं. बायकोने तिथल्या तिथे रविवारची सकाळ बुक केली. वेळ साडेसहा ते साडेसात.

रविवार आणि नाशिक म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आमच्या इंदिरानगरात सात वाजता मिसळीचा वास दार न वाजवता घरात शिरतो. मी शनिवारी रात्री आठला जेवून उपाशी. पाणी चालतं, चहा नाही, असं व्हिडिओच्या शेवटी बारीक अक्षरात होतं. ते वाचायला बहुतेक डोळ्यांचंही पॅकेज लागेल.

साडेसात झाले, आठ झाले. माणूस पाथर्डी फाट्यावर अडकलेला. सव्वाआठला मी ओट्यापाशी उभ्याउभ्या अर्धा कप चहा घेतला. साखर नेहमीचीच, दोन चमचे. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"काका, काही घेतलंय का?" बॅग उघडताउघडता पोराने विचारलं.

"छे!"

"मिशीला लागलाय," आतून बायको.

पोरगं हसलं नाही, हे त्याचे उपकार. बॅग बंद करत म्हणालं, "सीबीसी, थायरॉइडचं चाललं असतं, पण उपाशीपोटीची शुगर आणि ट्रायग्लिसराइड चुकीची येईल. उद्या येतो." व्हिडिओत 'मोफत' असलेल्या घरपोच सेवेची दुसरी फेरी दीडशे रुपयांना पडते, हे तेव्हा समजलं.

सोमवारी पोरगं वेळेआधी दहा मिनिटं हजर. दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला लावली, आणि मी पंच्याऐंशी नळ्यांची मनाची तयारी केली. त्याने तीनच काढल्या. जांभळ्या बुचाची, राखाडी बुचाची आणि पिवळ्या बुचाची. शिवाय लघवीची एक डबी.

"बाकीच्या?"

"झालं की, काका."

राखाडी नळी कशाला, असं विचारल्यावर मात्र तो खुलला. ती साखरेची. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर रक्तातल्या पेशी त्यातली साखर खात बसतात आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा खाली येतो. राखाडी नळीतलं औषध त्यांचं खाणं रोखतं. म्हणजे माझ्या पेशींनाही उपास झेपत नव्हता. घराण्याचा गुण.

संध्याकाळी सतरा पानी रिपोर्ट आला आणि मी पेन घेऊन पंच्याऐंशीचा हिशेब मांडला. कोलेस्टेरॉलच्या पानावर आठ चाचण्या. एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड 250. हे तीन खरोखर मोजलेले. व्हीएलडीएल 50, म्हणजे ट्रायग्लिसराइडला पाचने भागलेलं. एलडीएल 118, म्हणजे 210 वजा 42 वजा 50. पुढची 'नॉन-एचडीएल' म्हणजे 210 वजा 42, आणि उरलेली दोन निव्वळ गुणोत्तरं. आठातल्या पाच चाचण्या माझ्या रक्तावर नव्हे, कॅल्क्युलेटरवर झाल्या होत्या! ही वजाबाकी डॉक्टरमंडळींना मान्य आहे, फसवणूक नाही. फक्त ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ती भरवशाची राहत नाही, मग एलडीएल वेगळं मोजावं लागतं. पण चौथीतल्या गणिताला 'चाचणी' म्हणणं म्हणजे पुरणपोळीच्या ताटात मिठाला वेगळा पदार्थ धरण्यासारखं.

सीबीसीत पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार आधी टक्क्यांत, मग तेच पाच आकड्यांत. झाल्या दहा. लघवीच्या पानावर पहिली चाचणी 'रंग : फिकट पिवळा'. दुसरी 'स्वरूप : स्वच्छ'. या दोन मी घरच्या घरी, फुकटात, रोज करत आलो आहे.

मंगळवारी आमच्या डॉक्टरांनी सतरा पानं पत्त्यांसारखी पिसली आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. "ट्रायग्लिसराइड 250. दीडशेच्या आत पाहिजे. गोड, तळलेलं किती होतं?"

"फार नाही," मी म्हणालो.

"रविवारी मिसळ, वर जिलबी, आणि रोज चार चहा, दोन-दोन चमचे साखरेचे," बायकोने रिपोर्ट पूर्ण केला.

डॉक्टरांनी चहातली साखर, जिलबी आणि फरसाण बंद केलं. तीन महिन्यांनी फक्त लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, अख्खं पॅकेज नको, असंही सांगितलं. येताना रिक्षात मी हळूच विचारलं, "फरसाण, जिलबी वजा केली, तरी मिसळ उरतेच ना?"

"उरते की," ती म्हणाली. "मटकी. घरी भिजत घातलीये."