‘डोकं माझं, मरेन तर मी’ : हेल्मेटसक्तीविरुद्धच्या एका फिरत्या मेसेजला उत्तर

“हेल्मेट घालायचं की नाही हा माझ्या डोक्याचा प्रश्न आहे. अपघात झाला तर मरेन मी, बाकीच्यांचं काय जातं? मिलने १८५९ मध्येच सांगून ठेवलंय की माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करता येत नाही. सीटबेल्टचंही तेच. शिवाय हेल्मेट घातलं की लोक जास्तच बेफाम चालवतात. आज हेल्मेट, उद्या ताटात काय वाढायचं तेही सरकार ठरवणार.”

आधी मिल. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात असं म्हणाला होता हे खरं आहे, आणि मोघम नव्हे, अगदी स्पष्ट म्हणाला होता. दुसऱ्याला होणारी हानी टाळायची असेल तरच माणसावर जबरदस्ती करता येते. त्याचं स्वतःचं भलं, मग ते शरीराचं असो की नीतीचं, हे पुरेसं कारण नाही. त्याला समजवा, विनवा, पण दंड करू नका. याला हानितत्त्व म्हणतात. माणसाच्याच भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करण्याला पॅटर्नॅलिझम असा शब्द आहे. मी त्याला सरळ पालकगिरी म्हणतो.

मिलचा आधार घेणाऱ्यांना गप्प करायला सक्तीच्या बाजूचे लोक त्याच पुस्तकातला पुलाचा दाखला काढतात. पूल मोडकळीला आलाय, एक माणूस त्याच्यावर पाऊल टाकतोय, सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. दाखला छान आहे, पण हेल्मेटला तो तसाच लावता येत नाही. मिल पुढे लगेच म्हणतो की पडणं नक्की नसेल, नुसता धोका असेल, तर तो पत्करायचा की नाही हे त्या माणसानेच ठरवावं. आपलं काम त्याला धोका सांगण्यापुरतं. हेल्मेटशिवाय गाडी चालवणं म्हणजे नक्की मरण नव्हे, धोकाच आहे, आणि तो चालवणाऱ्याला ठाऊक असतो. त्यामुळे मिल या मेसेजच्या बाजूने आहे हे मी मान्य करतो. माझं भांडण पुढच्या वाक्यांशी आहे.

‘सीटबेल्टचंही तेच’ हे त्यातलं सगळ्यात चुकीचं वाक्य. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला सत्तर किलोचा माणूस घ्या. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाऊन कशावर तरी आदळते. गाडी थांबते, तो थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूस जमिनीशी ज्या वेगाने पोचेल त्या वेगाने. त्याच्या वाटेत काय असतं? पुढच्या सीटची पाठ, आणि त्या सीटवर पट्टा लावून शहाण्यासारखं बसलेलं माणूस. सीट दबून त्याचं शरीर वीसेक सेंटीमीटरमध्ये थांबलं असं धरलं, तरी सरासरी जोर तीन टनांच्या वर जातो. पुढच्याला स्वतःचा पट्टा अशा वेळी जखडून ठेवतो. मागून येणाऱ्या धडकेपासून तो वाचवत नाही. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागे बिनपट्ट्याचे प्रवासी असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो असं त्यात दिसलं.

म्हणजे मागच्या सीटच्या पट्ट्यासाठी पालकगिरीचा प्रश्नच येत नाही. तिथे मिलचं हानितत्त्व जसंच्या तसं लागू पडतं, फक्त सक्तीच्या बाजूने. गंमत अशी की लोक नेमका मागचाच पट्टा लावत नाहीत आणि कारण विचारलं तर ‘मागे कशाला लागतो’ म्हणतात. गाडीत एकटाच बसलेल्या चालकाचं प्रकरण निराळं आहे. तो हेल्मेटवाल्याच्या जवळ जातो.

आता हेल्मेट. ‘बाकीच्यांचं काय जातं’ याचं उत्तर द्यायचा प्रयत्न कोर्टांत झालेला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने हेल्मेटसक्ती केली तेव्हा राज्याच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की रस्त्यावरचा खडा उडून उघड्या डोक्याला लागेल, चालकाचा ताबा सुटेल आणि तो दुसऱ्याला धडकेल. १९६८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे ऐकून घेतलं नाही आणि कायदा रद्द केला. मला कोर्टाचं पटतं. खड्याची भीती असेल तर पुढे काच लावायला सांगा. हा युक्तिवाद म्हणजे खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून शोधलेलं कारण आहे. (मिशिगनने पुढच्याच वर्षी सक्ती परत आणली आणि नंतर ती कोर्टातही टिकली.)

मॅसॅच्युसेट्समधल्या १९७२ च्या निकालात जास्त दमदार उत्तर आहे. अपघात झाल्या क्षणापासून समाजच त्या माणसाला रस्त्यावरून उचलतो, सरकारी दवाखान्यात नेतो, पुढे कामाला जाता आलं नाही तर त्याला पोसतो. तेव्हा हा फक्त माझा प्रश्न आहे असं त्याला वाटतं तरी कसं, असं कोर्टाने विचारलं. वाचताना मान डोलते. पण याच मापाने गिर्यारोहक, मद्यपी, रात्रंदिवस खुर्चीत बसून काम करणारे, सगळेच समाजावर खर्च टाकतात. आणि हिशेबच करायचा म्हटला तर तो भलतीकडे जातो: जागीच मेलेल्यावर दवाखान्याचा खर्च होत नाही, जबर जखमी होऊन हेल्मेटमुळे वाचलेल्यावर होतो. हेल्मेटमुळे पैसे वाचत नाहीत असं उद्या कुणी सिद्ध केलं, तर आपण सक्ती उठवू का? नाही उठवणार. मग पैसा हे आपलं खरं कारण नव्हतंच.

मिशिगननेच पुढे याची परीक्षा घेतली, नकळत का होईना. २०१२ मध्ये तिथे कायदा बदलला. वय एकवीस पूर्ण, मोटरसायकलचा परवाना किमान दोन वर्षं जुना किंवा सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण, आणि स्वतःच्या उपचारासाठी किमान वीस हजार डॉलरचा विमा, एवढं असेल तर हेल्मेट ऐच्छिक. खर्चाचा आक्षेप विम्याने मिटवायची ही रीत. वीस हजार डॉलरमध्ये मेंदूच्या गंभीर दुखापतीचे फार दिवस निघत नाहीत, तो भाग सोडा. समजा विमा वीस लाख डॉलरचा ठेवला. तरी हा बदल बरा झाला असं मला वाटणार नाही, आणि मला वाटतं सक्तीच्या बाजूच्या बहुतेकांना वाटणार नाही. तेव्हा आडून बोलणं सोडू या. एकट्या प्रौढ चालकावरची हेल्मेटसक्ती ही पालकगिरीच आहे. प्रश्न एवढाच की ती कोणत्या जातीची आहे.

एक जात अशी, की तुम्ही कशासाठी जगावं हे दुसरा ठरवतो. तुमचा धर्म, तुमचं लग्न, तुमचं डोंगर चढणं यात तो ‘हे तुझ्या हिताचं नाही’ म्हणून आडवा येतो. मिलला जिचा तिटकारा होता ती ही, आणि मलाही तिचा तिटकारा आहे. दुसरी जात तुमच्या हेतूला हात लावत नाही, साधनापुरती लुडबुड करते. गिर्यारोहकाकडून धोका काढून घेतला तर त्याच्या चढाईतलं काहीतरी खरोखर जातं. स्कूटरवरून कामाला निघालेल्याकडून डोकं फुटायचा धोका काढून घेतला तर त्याच्या कामाला जाण्यातलं काय जातं? थोडा घाम, विसकटलेले केस, गाडी लावल्यावर ते ओझं कुठे ठेवायचं हा रोजचा वैताग. हे त्रास खरे आहेत, मी खोटे म्हणत नाही. पण उघड्या डोक्याने चालवण्यासाठी कुणी आयुष्य वाहिलेलं मी पाहिलं नाही.

उलट काय पाहिलं ते सांगतो. माझ्यापुढे एकजण हेल्मेट कोपरात अडकवून चालला होता. लांबवर चौकात पांढरा शर्ट दिसला तसा त्याने वेग कमी केला, एका हाताने हेल्मेट डोक्यावर दाबलं, हनुवटीखालचा पट्टा तसाच लोंबत ठेवला. चौक ओलांडला आणि हेल्मेट परत कोपरात. त्याच्याकडे हेल्मेट होतं, ते त्याने विकत घेतलं होतं, सोबत आणलं होतं. म्हणजे घरी शांतपणे विचार करताना त्याला ते हवं होतं, आणि रस्त्यावर ‘एवढ्यात काय होतंय’ जिंकलं. त्याचाही दोष नाही. एका फेरीचा धोका इतका बारीक असतो की तो जाणवतच नाही, घाम मात्र लगेच जाणवतो. हजारो फेऱ्यांची बेरीज कुणी चौकात थांबून करत नाही. अशा वेळी कायदा त्या माणसाच्या रस्त्यावरच्या आळसाविरुद्ध त्याच्याच घरच्या निर्णयाची बाजू घेतो. आणि तो लोंबता पट्टा: न बांधलेलं हेल्मेट पहिल्याच आदळण्यात निघून जाऊ शकतं. दंडापासून वाचवतं, एवढंच.

हेतू आणि साधन हा फरक हवेतला नाही, कायद्यातही तो दिसतो. ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेट १९७३ मध्ये सक्तीचं झालं, आणि १९७६ मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. पगडी म्हणजे केस विसकटण्याची तक्रार नव्हे. ती उतरवायला लावणं माणसाच्या जगण्याच्या गाभ्याला हात घालणं आहे. तिथे कायदा मागे सरला, आणि बरोबर सरला.

बेफामपणाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तो मोटारींबाबत मांडला: सुरक्षित वाटलं की चालक जोखीम वाढवतो आणि त्याची किंमत पादचारी मोजतात. तसं मोठ्या प्रमाणावर घडत असतं तर मिलच्याच तत्त्वाने पट्ट्यावर बंदी घालावी लागली असती. पण नंतरच्या अभ्यासांतून एवढा मोठा परिणाम दिसलेला नाही. मोटरसायकलच्या हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांचा २००८ चा एकत्रित आढावा सांगतो की अपघातात सापडलेल्याच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा बुडवायला लोकांना फारच बेफाम व्हावं लागेल.

ताटाचं म्हणाल तर हेल्मेटवरून घसरत आपण तिथवर पोचत नाही. कुठलाही एक घास क्षणात परत न येणारं नुकसान करत नाही, आणि खाणं ही माणसाची जिवाभावाची गोष्ट आहे. हेच माप सायकलला लावलं तर मी स्वतः तिथल्या हेल्मेटसक्तीच्या विरोधात जाईन: वेग कमी, आणि सक्तीमुळे काहीजण सायकलच सोडतील ही भीती रास्त आहे.

एक माणूस मात्र माझ्या युक्तिवादातून सुटतो. ज्याने सगळे आकडे वाचले, घरच्यांशी बोलला, शांतपणे ठरवलं की मला वारा केसांतून जायलाच हवा, आणि तो दर फेरीला तसंच ठरवतो. त्याच्यावर सक्ती करताना मी त्याच्या हेतूवरच पाय देतोय. माझ्याकडे त्याला द्यायला एवढंच उत्तर आहे की चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला तो आणि कोपरात हेल्मेट अडकवलेला यांतला फरक दिसत नाही, आणि दुसऱ्यासारखे फार आहेत. हे उत्तर त्याला पुरणार नाही, मला माहीत आहे.

आणि मेसेजमध्ये ‘माझं डोकं’ ऐकू येतं, पण मोटरसायकलवर पुष्कळदा दोन-तीन डोकी असतात. बापाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि त्याच्या पाठीला गाल टेकून झोपलेलं सहा वर्षांचं पोर उघड्या डोक्याने. मिलने आपलं तत्त्व फक्त प्रौढांसाठी मांडलं होतं, मुलांना त्याने पहिल्याच प्रकरणात त्यातून वगळलं आहे.