विकलं नाही, तरी नफा कसा?

«जुना 30% हिस्सा विकलेलाच नाही, मग नफा कसला? गुडविल प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढून बेरीज करा. फार तर जुन्या हिश्श्याला नव्या खरेदीचाच भाव लावा, झालं.»

एखाद्या कंपनीत आधी थोडा हिस्सा आणि नंतर ताबा घेतला, की एकत्रित खात्यांच्या हिशेबावर हे तीन मुद्दे निघतात. आधी आकडे घेऊ. समजा, 30% हिस्सा 60 कोटींना घेतला होता. सहयोगी कंपनी म्हणून इक्विटी पद्धतीने तो आज पुस्तकात 78 कोटींवर आहे. त्यातले 16 कोटी नफ्यातला वाटा, 2 कोटी परदेशी शाखेचा चलनफरक, जो ओसीआयमध्ये पडून आहे. आता आणखी 40% हिस्सा 140 कोटींना घेतला आणि ताबा आला.

विकलं नाही हे खरंच. पण इंड एएस 103 च्या नजरेत ताबा आला त्या दिवशी मालमत्तेची जातच बदलते. हातातला शेअरगठ्ठा जातो, त्या जागी कंपनीची सगळी मालमत्ता आणि देणी येतात. म्हणून जुना हिस्सा त्या दिवशीच्या फेअर व्हॅल्यूला आणायचा. ती 90 कोटी धरू. फरक 12 कोटी नफा-तोट्यात. ओसीआयमधले 2 कोटीही तिकडेच, जणू हिस्सा विकला. हा दुसरा भाग कामाच्या घाईत हमखास सुटतो. हा नफा फक्त एकत्रित खात्यांत दिसतो. स्वतंत्र खात्यांत गुंतवणूक मूळ किमतीला धरत असाल, तर तिथे 60 अधिक 140 असे 200 कोटीच.

टप्प्याटप्प्याची बेरीज कुठून आली, तेही सांगतो: जुन्या एएस 21 मधून. ज्यांना अजून तोच लागू आहे, त्यांच्यासाठी ती साधारणपणे बरोबरच आहे. इंड एएसमध्ये मात्र गुडविल एकदाच, ताब्याच्या तारखेला. ओळखता येणारी निव्वळ मालमत्ता फेअर व्हॅल्यूने 250 कोटी, आणि बाहेरच्यांचा 30% त्याच प्रमाणात मोजला तर 75 कोटी:

```
140 + 90 + 75 − 250 = 55
```

90 ऐवजी 78 घातले की गुडविल 43 येतं. तेवढेच 12 कोटी नफ्यातूनही गायब.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक. 40 टक्क्यांना 140, म्हणून 30 टक्क्यांना 105? त्या 140 मध्ये ताब्यासाठी मोजलेला जादा पैसा आहे. जुन्या 30% गठ्ठ्याने ताबा मिळत नव्हता, त्याला तो भाव कोण देईल? शेअर सूचिबद्ध असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव घ्या, नसेल तर स्वतंत्र मूल्यांकन. 105 धरले तर नफा 15 कोटींनी फुगतो, गुडविलही 70 होतं. ते गुडविल दरवर्षी थोडंथोडं खर्ची पडत नाही, इम्पेअरमेंटच्या चाचणीतच अडकतं. मूल्यांकन अहवालात जुन्या हिश्श्याचा भाव नव्या खरेदीच्या भावाशी रुपयाला रुपया जुळला, की मी पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

उद्या हिस्सा 70 वरून 85 टक्के केला, तर यातलं काहीच करायचं नाही. ताबा आधीच आहे. फरक थेट इक्विटीत, गुडविल 55 वरच.