पाखरं, रफार आणि पिवळा उजेड

रात्री अंगणात बाजेवर पडून वाचायचं, तर आमच्या गावात तिघांची मर्जी सांभाळावी लागते: विजेची, बायकोची आणि पाखरांची. ई-रीडर घेतल्यापासून विजेचा रुसवा संपला. एकदा चार्ज केला की तो आठवडे चालतो. उरलेल्या दोघांसाठी मात्र मला सेटिंगमध्ये शिरावं लागलं. तिथं शिरलेला माणूस कपाशीत शिरलेल्या गुरासारखा असतो, हाकलल्याशिवाय बाहेर येत नाही.

चाळिशी लागली की माणूस आधी अक्षर मोठं करतो. माझा पडदा सहा इंची, म्हणजे रुंदी जेमतेम नऊ सेंटिमीटर. अक्षर फुगलं तसे एका ओळीत चारच शब्द मावायला लागले. त्यात ओळीच्या दोन्ही कडा सरळ ठेवायचं सेटिंग चालू. इंग्रजी लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी तोडता येतो. माझं यंत्र मराठी शब्द तोडत नाही. 'शेतकऱ्यांच्याकडूनसुद्धा' आला की अख्खा खाली ढकलतं आणि वर उरलेल्या दोन शब्दांना ताणून दोन टोकांना उभं करतं. मधून बैलबंडी निघून जाईल! म्हणून ओळ फक्त डावीकडून सरळ ठेवली. उजवी कड वेडीवाकडी दिसते खरी, पण शब्दांमधलं अंतर सारखं राहतं.

तरीही डोळा त्याच ओळीवर परत परत जात होता. हे कशानं होतंय ते कळायला वेळ लागला. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. दोन ओळींमधलं अंतर कमी असलं, की वरच्या ओळीतल्या 'पूर'चा उकार खालच्या 'सर्व'च्या रफारावर जाऊन बसतो आणि दोघांचं भांडण आपण सोडवत बसतो. मग अक्षर दोन घरं कमी केलं आणि ओळींमधलं अंतर एक घर वाढवलं. अक्षर बारीक होऊनही वाचायला सोपं झालं. माझं ठाम मत आहे, मराठीत आधी ओळींमधलं अंतर बघावं, मग अक्षराचा आकार.

समासाची गोष्ट अंगठ्यावर ठरते. जास्त मजकूर दिसावा म्हणून समास अगदी बारीक केला, तर आडवं पडून धरताना अंगठा मजकुरावर टेकतो. टेकला की पान उलटतं, टेकून राहिला की शब्दकोश उघडतो. समास मधला ठेवला. विषय संपला.

खरी गंमत उजेडाची. पहिला पाऊस पडून गेलेला, पडदा लख्ख पांढरा. वाचता वाचता एका 'क'वरचा अनुस्वार चालायला लागला. बोटानं झटकला तर पान उलटलं. मागं आलो तर तोवर 'म'वर दोन अनुस्वार. तेवढ्यात शेजारच्या बाजेवरून आवाज आला, "अजी, झोपा नं आता! काऊन डोयावर उजीड मारून रायले?"

ई-रीडरच्या कागदाला स्वतःचा उजेड नसतो. कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड पानावर पसरतो आणि तिथून डोळ्यांकडे येतो. माझ्या यंत्रात पांढरे आणि पिवळसर असे दोन्ही दिवे आहेत, पानाचा रंग म्हणजे त्यांचंच मिश्रण. पिवळ्याकडं सरकवलं तशी पाखरं कमी झाली, कारण बऱ्याच किड्यांना निळसर उजेडाची ओढ जास्त. उजेड किती ठेवायचा, तर पान बाजूच्या चादरीपेक्षा किंचितच उजळ दिसेल इतका. एकदा कमी करायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग आणखी कमी करायचा.

भाच्यानं काळ्यावर पांढरं अक्षर सुचवलं होतं. "मामाजी, रातीले तेच भारी." करून बघितलं. काळ्या पानावर अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि माझ्यासारख्या तिरप्या नंबरवाल्याला अक्षराच्या कडा विस्कटून दिसतात. शिरोरेषा तर टांगलेल्या ट्यूबलाइटसारखी. शिवाय मागच्या पानाची पुसट सावली उरते. ते भाच्याच्या कोवळ्या डोळ्यांना लखलाभ!

एवढं सगळं जमवून यंत्र उशाला ठेवलं. सकाळी आईनं ते उघडलं. "अक्षर बारीक, अन् पान पिवयं. याले कावीय झाली का?" तिनं अक्षर सगळ्यात मोठं केलं, उजेड पांढराफेक केला. आता 'रात्र' आणि 'आई' अशा दोन नावांनी सेटिंग जतन केली आहेत. पण त्यात अक्षर आणि समासच जतन होतात, उजेड नाही. तो रोज रात्री बायको ओरडल्यावर मीच कमी करतो.