माहितीपत्रकातले ४५ आणि गच्चीवरचे ६५ अंश

वाचकांची प्रतिक्रिया: “गच्चीवरचे सौर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते हा तुमचा आकडा फुगवलेला वाटतो. माझ्या पॅनेलच्या माहितीपत्रकात ४५ अंश छापले आहेत. शिवाय पाचवा हिस्सा ऊर्जा विजेत जाते आणि पुण्यात वारा असतोच. मग एवढी उष्णता उरते कुठून?”

स. न.

ते ४५ अंश खरे आहेत, पण ते प्रति चौरस मीटर ८०० वॅट ऊन, २० अंशांची हवा, सेकंदाला १ मीटर वारा आणि मागून मोकळी मांडणी असतानाचे आहेत. तेही पॅनेलमधून वीज काढली जात नसताना. म्हणून त्यातून ‘हवेपेक्षा २५ अंश जास्त’ एवढेच घ्यायचे.

आता कोथरूडमधल्या माझ्या गच्चीवरची एप्रिलची दुपार घेऊ: ऊन १००० वॅट, हवा ३७ अंश, वारा सेकंदाला सुमारे दीड मीटर. पॅनेल त्यातले साधारण ९०० वॅट शोषते. विजेच्या बाबतीत आधीच्या हिशेबात माझीच चूक झाली होती. मी २० टक्के कार्यक्षमता कायम धरली, पण २५ अंशांच्या वर दर अंशाला ती तिच्या मूल्याच्या सुमारे ०.३५ टक्क्याने घसरते. ६५ अंशांवर ती १७.२ टक्के उरते, म्हणजे वीज १७२ वॅट आणि उष्णता ७२८ वॅट.

ही उष्णता बाहेर पडते कशी, यात आपण वाऱ्याला अधिक श्रेय देता. ६५ अंशांवरची काच आकाशाकडे प्रारणाने सुमारे २४० वॅट टाकते, कारण उन्हाळ्यातले निरभ्र आकाश प्रारणाच्या हिशेबात हवेहून थंड, जवळपास २८ अंशांचे, धरावे लागते. मागची बाजू मात्र ४५ अंशांच्या गच्चीकडे पाहते, म्हणून तिथून १३५ वॅटच जातात. उरलेले साडेतीनशे वॅट दोन्ही बाजूंची हवा नेते. २८ अंशांच्या फरकाला दर अंशामागे साडेबारा वॅट, आणि एवढ्या वाऱ्यात तेवढेच अपेक्षित आहे. हिशेब ६५ वर जुळतो. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवले, तर मागची हवा कोंडते आणि तापमान आणखी चढते.

विजेचा वाटा किती, हे एकदा आपसूक दिसले. भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडला आणि पॅनेलच्या मागे मधल्या सेलखाली ॲल्युमिनियमच्या पट्टीने चिकटवलेला, तापमान मोजणारा थर्मोकपल पंधरा-वीस मिनिटांत पाच-सहा अंश वर गेला. विजेत जाणारे १७० वॅट उष्णतेत मिसळले, तेवढाच हा फरक.

आपण स्वतः मोजणार असाल, तर काचेवर इन्फ्रारेड बंदूक रोखू नका. काचेत आकाशाचे प्रतिबिंब मिसळते आणि आकडा कमी येतो. मागच्या बाजूला संवेदक चिकटवा आणि भर उन्हात त्यात दोन-तीन अंश मिळवा, कारण सेल मागच्या पृष्ठाहून तेवढा अधिक तापलेला असतो.